भुवई कुणाची, हनुवटी कुणाची

वैष्णवीचं पत्र मोबाईलवर आलं तेव्हा कुमार भूमच्या एसटी स्टँडावर कंट्रोल केबिनमध्ये बसून बार्शी गाडीची वाट बघणाऱ्यांच्या शिव्या खात होता. त्यानं वर एक नजर टाकली, खाली एक नजर टाकली, आणि मधला सगळा मजकूर अंगठ्यानं सरकवून दिला. साध्या फोटोच्या कामाला एवढं लांबलचक पत्र लिहायचं काय कारण? नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणून त्यानं खाली ‘मान्य’ लिहिलं आणि माईक हातात घेतला.

काम तसं साधं नव्हतंच. कुमार रांगायला लागायच्या आधीच त्याची आई गेली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीनं, गजरामावशीनं, त्याला वाढवलं. आता त्यानं भूममध्ये घर बांधलं होतं, वास्तुशांत तोंडावर आली होती. भिंतीवर वडिलांचा फोटो लागणार आणि आईची जागा मोकळी राहणार, हे त्याला सहन होईना. पन्नाशीला आलेला माणूस; पण आईचा चेहरा आठवायचा म्हटला की डोळ्यांसमोर अंधार. धाराशिवला घरी बसून डिझाइनची कामं घेणाऱ्या वैष्णवीकडं तो गेला आणि म्हणाला, मावशीचा, माझा, माझ्या मुलीचा, समृद्धीचा, फोटो घ्या आणि त्यातून माझी आई काढून द्या.

वैष्णवीनं ते पत्र मन लावून लिहिलं होतं. ‘कुमार दादा, मी काय करू शकते आणि काय नाही, ते आधीच सांगते,’ अशी सुरुवात होती. ‘तीन चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा अशा खुणा लावून मी ते एकमेकांवर बसवते आणि कमीजास्त प्रमाणात मिसळते. मिसळलं की सरासरी निघते. सरासरी चेहरा नेहमी गुळगुळीत आणि देखणा दिसतो, कारण वाकडं नाक, पुढं आलेला दात, एकीकडं झुकलेलं हसू, जे एकट्या त्या माणसाचं असतं तेच त्यात पुसलं जातं. मावशींचा फोटो साठीतला आहे. त्यांचं वय उतरवून मी तिशीच्या आत आणीन, पण तो माझा अंदाज असेल. बहिणी-बहिणींत साम्य असतं, ते नेमकं कुठं होतं हे मला कळणार नाही. कान, दात, केसांची रेघ तर मी निव्वळ मनानं घालीन. म्हणून हे चित्र तुमच्या घराण्याच्या तोंडवळ्याचं होईल. तुमच्या आईचं होईल असं मी म्हणू शकत नाही. चित्राच्या मागं ‘कल्पनेनं जुळवलेलं’ असं मी लिहिणार आहे, ते खोडू नका.’

आणि पुढं, जिथून अंगठा सर्रकन गेला होता तिथं: ‘सगळ्यात महत्त्वाचं. आईंना पाहिलेलं माणूस आता मावशी एकट्याच आहेत. चित्र दाखवायच्या आधी त्यांना निवांत बसवून आई कशी दिसायची ते बोलतं करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. नातेवाइकांच्या पेट्या, जुनी लग्नं, जत्रेतले फोटो, सगळीकडं खरा फोटो शोधा. चित्र त्यानंतर दाखवा. एकदा ते रोज डोळ्यांसमोर आलं की आठवणीतला चेहरा आणि माझा चेहरा एकमेकांत मिसळतात, आणि माणसाला ते कळतसुद्धा नाही. मग खरा फोटो सापडला तरी तो ओळखणारं कुणी राहणार नाही.’

चित्र आलं ते डोळ्यांत पाणी आणणारं. डोईवर पदर, शांत डोळे, ओठांवर जरासं हसू. कुमारनं ते मोठं करून फ्रेम केलं, चंदनाचा हार घातला आणि वास्तुशांतीच्या सकाळी मावशीला हाताला धरून समोर उभं केलं.

मावशी बघत राहिली. मग म्हणाली, “नाक जरा... न्हाय, व्हय. हीच की रं माझी बाय!” आणि तिनं भिंतीला डोकं टेकून हंबरडा फोडला. पाव्हण्यारावळ्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी कुमारइतका सुखी माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

मावशी मग रोज सकाळी त्या चित्रापुढं उदबत्ती लावायची आणि बोलत बसायची. पूर्वी तिच्या बोलण्यातली बहीण सावळी होती, काटकुळी होती, दात दाखवून खळखळून हसायची. आता ती गोरी झाली, गालांवर भरली, हसणं मंद झालं. कुमारला त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हातारं माणूस, सांगतं एकेक.

आईचा एकही फोटो नाही म्हणून करून घेतलं, असं लिहून त्यानं चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं होतं. ते बघून तेरखेड्याचे गोरोबामामा, म्हणजे दोघी बहिणींचे चुलतभाऊ, एका बाजारच्या दिवशी दुपारी घरी आले. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं.

“भाचेबुवा, आमच्या आयच्या ट्रंकंत घावलं. येरमाळ्याच्या जत्रंत काढल्याला फोटू. आय म्हणायची, या गजराक्का आन् धाकली. म्या तवा पाळण्यात, मला काय कळतंय? पण तुमाला फोटू न्हाय म्हणून ग्रुपवर वाचलं, मग आलो घिऊन.”

कुमारनं रुमाल सोडला. जत्रेतल्या फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा, पडद्यावर मोर आणि कमान, आणि पुढं बाकावर चिकटून बसलेल्या दोन तरण्या बायका. एकीनं दुसरीचा हात घट्ट धरलेला. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. धाकटी सावळी होती, काटकुळी होती, फोटोवाल्यानं गप बसा म्हटलं असतानाही सगळे दात दाखवून हसत होती. त्या चेहऱ्यात भिंतीवरचं काहीच नव्हतं.

“मावशे!” तो ओरडतच स्वयंपाकघरात गेला. “मावशे, आईचा फोटो घावला!”

मावशीनं हात पुसले, फोटो दारातल्या उजेडाला धरला. तिचं तोंड हरखलं.

“अगं बया! ही मीच की! ही चोळी मला आमच्या बानं घेतली व्हती. लई हट्ट केला व्हता म्या.” तिनं बोट जरा सरकवलं. ते धाकटीच्या चेहऱ्यावर थांबलं, आणि तिथंच राहिलं. “कुमार, ही कोण रं माझ्याजवळ बसलीय?”

कुमारला वाटलं ती चेष्टा करतेय. मावशी चेष्टा करत नव्हती.

“मावशे, नीट बघ. जत्रेत तुझ्यासंगं कोण व्हतं?”

“माझी भन व्हती.”

“मग ही?”

मावशीनं फोटो जवळ नेला, लांब नेला. “शेजारची असंल कुणी. माझी भन अशी न्हाय.” तिनं मान वळवून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडं बोट केलं. “माझी भन ती.”

गोरोबामामा पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून उभे राहिले. कुमारनं मोबाईल काढला, वैष्णवीचं पत्र शोधलं आणि या वेळी मधला मजकूर उभ्याउभ्या वाचला. वाचताना त्याचे कान तापले. पोरीनं सगळं लिहून दिलं होतं आणि त्यानं न वाचताच ‘मान्य’ म्हणून टाकलं होतं. आईला ओळखणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस त्यानं स्वतःच्या हातानं तिच्यापासून तोडलं होतं.

तो तरातरा बाहेरच्या खोलीत गेला आणि त्यानं फ्रेमला हात घातला.

“आरं, काय करतूस?” मावशी मागोमाग धावत आली.

“ही आई न्हाय, मावशे. ही तू, मी आन् समृद्धी मिळून केलेली बाई हाय. तुझ्या हातातली खरी.”

मावशीनं हातातला फोटो पुन्हा बघितला. धाकटी तिचा हात धरून हसत होती. मावशी त्या मुठीकडं किती तरी वेळ बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडला.

“हिनं माझा हात धरलाय,” ती पुटपुटली. “शेजारची कशाला धरंल?” मग डोळे गच्च मिटून ती भीतीनं ओरडली, “कुमार, डोळं मिटलं तरी मला तीच भिंतीवरली दिसतीया रं! ही येईना. ही येतच न्हाय!”

कुमार फ्रेम सोडून तिला धरायला आला. मावशीनं त्याला बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी भिंतीवरची फ्रेम दाबून धरली.

“ती काढू नगंस,” ती म्हणाली. “ती काढलीस तर मला भनच राहायची न्हाय.”