लाट नव्हे, पाणी

कार्तिकातली सकाळ. वैनगंगेवर धुक्याचा शुभ्र, विरळ, संथ पडदा. पलीकडच्या तीरावरची झाडं दिसत होती, नव्हती, पुन्हा दिसत होती. पूर्वेला केशर सांडलं, आणि पाण्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या-काळ्या मोजपट्टीवर पहिला किरण टेकला. आठ वाजायला पाच मिनिटं होती.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर कुमुद उभी होती. एकोणतीस वर्षांची, सडसडीत, स्थिरनयना. नदीची पातळी रोज वाचायची आणि कार्यालयाला कळवायची, हे तिचं काम. पावसाळ्यात तर दर तासाला. तिच्या एका आकड्यावर खालची गावं झोपत किंवा जागत. म्हणून तिचा आकडा कधी चुकत नसे.

नदी वाचणाऱ्या या मुलीला माणूस मात्र वाचता येत नसे. म्हणजे ती फार वाचायची, हाच घोळ होता.

दोन वर्षांपूर्वी तुमसरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, बोलायला बरा. कुमुदनं त्याच्या 'ठीक आहे' पुढचा पूर्णविराम वाचला, रात्रीचा 'शेवटचं पाहिलं' वाचला, हसरा चेहरा जाऊन नुसता नमस्कार आला तो वाचला, आणि एके दिवशी त्याला सलग आठ प्रश्न विचारले. तो बिचारा घाबरून गेला तो गेलाच. आपल्याच हातानं मोडलेल्या त्या गोष्टीचं दुःख तिला अजून होतं.

आता लोकेश दिघोरे. रानात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या पोसणारा, सावळा, मितभाषी. एकदा घरी येऊन चहा पिऊन गेला, नंबर देऊन गेला. अकरा दिवस दोघांचं लिहिणं चाललं होतं. रविवारी, पौर्णिमेला, बाबांना होय की नाही ते कळवायचं होतं. आणि कुमुदला तो आवडला होता. उगाच आढेवेढे कशाला घ्या, चांगलाच आवडला होता.

म्हणून काल संध्याकाळी तिनं धीर करून आपल्या आवाजात सांगितलं. एक मिनिट दहा सेकंद. लग्नानंतरही मी नदीचं काम सोडणार नाही. पहाटे उठेन, घाटावर जाईन. हे तुम्हाला चालेल का? खाली एक ओळ लिहिली, 'ऐकून सांगा.'

रात्रभर तिथे दोन राखाडी खुणा होत्या. पोचलं होतं, उघडलं नव्हतं. सकाळी सात वाजता खुणा निळ्या झाल्या आणि खाली एक अंगठा उमटला. पिवळा, गोंडस, एकाकी अंगठा. बस्स.

धाकटी बहीण तनू खांद्यावरून डोकावलीच. "ताई, निळ्या झाल्या न! वाचलं हाये त्यानं. मंग बोलत कायले नाही? हा तर सरळ अंगठा दाखवला तुले!"

"अगं, माइकची खूण अजून राखाडीच आहे. गप्पा उघडल्या, माझा आवाज ऐकला नाही अजून. 'ऐकून सांगा' म्हटलं, त्यावर 'बरं' म्हणाला असेल." कुमुद शहाण्यासारखं बोलली खरी. पण दर पाच मिनिटांनी ती खूण बघत राहिली.

दुपारी साडेबाराला माइक निळा झाला. ऐकलं! आता मागे वळायला वाट नव्हती. नावाखाली अक्षरं उमटली: ऑडिओ रेकॉर्ड करत आहे. उमटली, मावळली. पुन्हा उमटली, पुन्हा मावळली. तिसऱ्यांदा उमटली, आणि त्यानंतर फोनचा पडदा निःशब्द, निश्चल. आलं काहीच नाही.

"शब्द सापडत नाही त्याले," तनू म्हणाली. "नाही म्हणाचं हाये, दुसरं काय!"

साडेचारपर्यंत वाट पाहून कुमुदनं लिहिलं. 'ऐकूनही उत्तर द्यावंसं वाटत नसेल तर स्पष्ट सांगा. मला माणसांच्या मागे लागायची सवय नाही.' धारदार, स्वाभिमानी, सुंदर वाक्यं. पाठवायचा बाण बोटाखाली आला, आणि पाचच्या नोंदीसाठी घाटावर जायची वेळ झाली. बाण तसाच राहिला. नशीब तिचं.

संध्याकाळचं पाणी ताम्रवर्णी झालं होतं. नेमकी मासेमारांची एक नाव मोजपट्टीजवळून गेली आणि पाणी हेलकावू लागलं. लाट पट्टीवर चढे, उतरे, चढे, उतरे. वरचा आकडा घ्यावा तर पूर, खालचा घ्यावा तर दुष्काळ!

तिला मुरारीकाका आठवले. तिच्या आधी तीस वर्षं हीच पट्टी वाचलेला तो पिकल्या मिशांचा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पोरी, लाट वाचू नको, पाणी वाच. वरचं बघ, खालचं बघ, मधलं धर. तरी नाही जमलं तर जरा थांब." इतकंच शिकवलं त्यांनी, आणि तेवढ्यावर तिची नोकरी चालली.

ती थांबली. हेलकावे वर पाहिले, खाली पाहिले, मधलं धरलं. आकडा वहीत उतरला. मग तिथेच पायरीवर बसून तिनं अकरा दिवसांच्या गप्पा वरपासून खाली पाहिल्या. उशिरा आलेली उत्तरं होती, नुसते अंगठेही होते. पण न आलेलं उत्तर एकही नव्हतं. तिच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यानं न विसरता विचारपूस केली होती. हे पाणी. बाकी सगळ्या लाटा.

ती धारदार, सुंदर वाक्यं तिनं एकेक अक्षर पुसून टाकली. आणि साधं लिहिलं: 'माझं बोलणं ऐकलंत असं दिसलं. घाई नाही. पण तुमचं मत रविवारच्या आत तुमच्या तोंडून कळलं तर बरं. नाही असलं तरी चालेल.' पाठवलं, फोन पिशवीत टाकला, आणि पायऱ्या चढू लागली. जे कळायचं ते विचारून कळणार होतं.

घरी दिवा लागला तेव्हा फोन वाजला. त्याचा आवाज, दोन मिनिटं चार सेकंद.

"दीडपट वेगानं लाव," तनू म्हणाली. कुमुदनं मान हलवली. तिला मधलं थांबणंही ऐकायचं होतं.

"सकाळी उघडलं होतं जी, पण एवढं मोठं दिसलं, म्हटलं घाईत नाही ऐकाचं. दुपारी ऐकलं. तीनदा बोलाले बसलो, तिन्ही वेळा कावळे आले अळ्यांवर. गोफण उचलली, बोलणं राह्यलं. मंग टेकडीवरून उतरलो, न रेंज गेली." मध्ये पानांची सळसळ, एक दीर्घ श्वास. "नदी नका सोडू. मले ऐनाचं रान सोडता येत नाही, तुम्हाले नदी. कोणीच कायले काही सोडाचं? फक्त सकाळचं पाणी किती हाये, ते मले रोज सांगत जा."

कुमुदचे डोळे भरून आले. ती उठून बाबांकडे गेली. रविवारची वाट कोण बघतं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं, पुन्हा केशर, पुन्हा आठ वाजले. कार्यालयाला आकडा कळवून झाल्यावर तिनं तोच आकडा रानाकडे पाठवला, आणि पुढे लिहिलं, 'पाणी स्थिर.'

एकच राखाडी खूण उमटली. पोचलंसुद्धा नव्हतं, तो असेल ऐनाखाली, रेंजच्या पलीकडे, गोफण हातात घेऊन. कुमुदनं फोन पिशवीत टाकला, पायरीकडेच्या शेवंतीची चार फुलं ओच्यात घेतली, आणि घाट चढू लागली. खाली नदी वाहत होती, संथ, सोनेरी, भरलेली.