डब्यातली थंडी आणि कोटाचं ओझं

आजींना बाळाला मांडीवर घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं. गेल्या खेपेला, थोरल्या नातीच्या वेळी, गाडीतल्या एसीने त्यांचं नाक असं वाहायला लागलं की लेकीने दारातूनच हात जोडले होते. आठवडाभर आजींनी नात लांबूनच पाहिली आणि तशाच परत आल्या.

"सर्दी थंडीने नाही, जंतूंनी होते," असं डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच समजावलं होतं. थंड हवेने नाक गळतं, शिंका येतात, ते वेगळं आणि आजार वेगळा. ते खरंच असणार. पण शिंक आल्यावर ती जंतूंची की एसीची, हे तान्ह्या बाळाच्या आईने कसं ओळखायचं? आणि लेक तर जन्माची शंकेखोर, आजींवरच गेलेली.

आता दुसरं बाळ झालं होतं. सकाळी गाडीत बसलं की संध्याकाळी तिथे पोचायचं. मध्ये एका स्टेशनवर गाडी बदलायची, जिन्यावरून सामान स्वतःच न्यायचं. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागच्या खेपेची गोधडी आणि जाड स्वेटर न्यायचे तर हमाल हवा. आजींनी ठरवलं, आपली आणि आजोबांची मिळून दोनच पिशव्या, आणि त्याही बाकाखाली मावतील एवढ्या.

आजी घरी कपडे उसवून-शिवून देत. कापड बोटांनीच ओळखायची त्यांची सवय. तरी या बाबतीत त्या बोटांवर विसंबल्या नाहीत. बारीक लोकरीचा इनर, वर पातळ लोकरीचं जॅकेट आणि त्यावर वारा अडवणारं, मुठीत मावेल असं विंडचीटर एवढं अंगात घालून त्या चौकातल्या बँकेत गेल्या. तिथला एसी सगळ्या आळीत बदनाम होता. त्याच्या तोंडाशीच खुर्ची धरून बसल्या.

"आजी, काम काय आहे?" रखवालदाराने दोनदा विचारलं.

"बसायचंय."

"टोकन घ्या मग."

"टोकनने ऊब येते का रे?" आजी म्हणाल्या, आणि बिचारा परत दाराशी गेला.

जॅकेट काढून पाहिलं, विंडचीटर काढून पाहिलं. वारा मानेत आणि कानात शिरतो, पाय गार पडले की सगळं अंग गारठतं, हे त्यांना तिथे नीट कळलं. मग पिशवीत मऊ स्कार्फ आणि सैल लोकरीचे मोजे आले. घट्ट मोज्यांनी पाय उलट गार पडतात. जाड एका कपड्यापेक्षा पातळ तीन बरे, कारण तीन काढता-घालता येतात, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

आजोबा खुर्चीत बसून ऐकत होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे काटे जागच्या जागी हवेत असा स्वभाव. "मला तीन नकोत. माझा कोट आहे," ते म्हणाले.

तो कोट म्हणजे एक वेगळाच प्राणी होता. जाडजूड, गुडघ्यापर्यंत, आणि वजनाने चार आजोबांना पुरेल असा.

"अहो, तो घालून जिना चढलात तर घामाने भिजाल. बसल्यावर तोच घाम गार पडेल."

"हातात धरायला तुझी पिशवी आणि माझी पिशवी असते. कोट कुठे धरू? अंगावरच जाईल." आजोबांनी विषय संपवला. आजींनी नाद सोडला. नाकापर्यंत पाणी आलं की माणूस आपोआप पोहतो, असं त्यांचं मत होतं.

झालंही तसंच. गाडी बदलताना जिने चढून-उतरून आजोबा घामाघूम झाले. डब्यात शिरताच कोट काढला, वर फळीवर टाकला आणि "हुश्श, काय मस्त गार आहे!" म्हणत एसीखाली टेकले. आजी मात्र बसल्या-बसल्या, थंडी वाजायच्या आतच, एकेक कपडा चढवत होत्या. एकदा अंग गार पडलं की ते पुन्हा तापवणं सोपं नाही, हे बँकेने शिकवलं होतं.

थोड्याच वेळात आजोबांनी खांदे आवळले. मग कोट खाली काढून अंगात घातला. तरी कुडकुडणं थांबेना. ओला गंजीफ्रॉक पाठीला चिकटला होता आणि त्यावर कितीही जाड कोट घातला तरी पाठ गारच. आणि मग ते शिंकले. एकच शिंक, पण आजींच्या काळजात धस्स झालं.

"हा शुभशकुन नव्हे," आजोबा पुटपुटले.

"गप्प बसा आणि उठा."

आजींनी आपलं जॅकेट काढलं. क्षणभर हात थबकला, खोटं कशाला बोला. हे दिलं आणि आपणच गारठलो तर? सगळा खटाटोप कुणासाठी केला होता? पण समोरचा माणूस थरथरत होता, आणि तो त्यांचाच होता.

"आत जाऊन ओला गंजीफ्रॉक काढा, अंग कोरडं पुसा. हे अंगाला लागून घाला, वर शर्ट."

"याच्या गळ्याला फुलं आहेत गं."

"फुलांनी सर्दी होत नाही."

आजोबा शौचालयातून परतले ते जरा अवघडून, पण पाठ ताठ होती. आजींनी त्यांच्या कोटाची बाही आपल्या गुडघ्यांवर आणि उरलेला कोट त्यांच्या पायांवर ओढला. पांघरूण म्हणून तो प्राणी उत्तम होता. विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत, स्कार्फ कानांवरून, मोजे पायात. आजींनी सगळ्या फटी बुजवल्या. जरा वेळाने आजोबांची थरथर थांबली. आजींचे पायही ऊबदार राहिले होते.

"कोट कामाला आला की नाही?" आजोबा म्हणाले.

"आला. फक्त तुमच्या अंगात असताना नाही."

संध्याकाळी चौथा मजला चढून दार वाजवलं. लेकीने दार उघडलं आणि नमस्काराआधीच विचारलं, "कुणी शिंकलं का गाडीत?"

आजींनी आजोबांना कोपर मारलं. आजोबांनी ते खाल्लं, आणि तरी म्हणाले, "मी शिंकलो. एकदाच. थंडीची होती, आजाराची वाटत नाही, पण लपवणार नाही."

आजींना राग आला आणि नवऱ्याचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

"बाबा, उद्या सकाळपर्यंत पाहू हं. तुम्ही त्या खोलीत आराम करा," लेक म्हणाली. "आई, तुझं?"

"नाक कोरडं. घसा ठीक. हवं तर बोट लावून बघ."

लेकीने हात धुवायला लावले. आजींनी ते कोपरापर्यंत धुतले, कोरडे पुसले आणि बसल्या. बाळ त्यांच्या हातात आलं. इवलंसं, झोपलेलं, तोंडाचा चंबू केलेलं. आजींनी श्वास रोखला. गार हात लागला तर दचकून उठेल, याची त्यांना दिवसभर भीती होती.

बाळ दचकलं नाही. उलट त्यांच्या तळव्याला गाल टेकवून आणखी गाढ झोपलं.

"आई, तुझे हात केवढे गरम आहेत गं!" लेक म्हणाली.

आजी तोंडभर हसल्या. डोळे भरले, ते त्यांनी खांद्यालाच पुसले, कारण हात आता मोकळे नव्हते.

पलीकडच्या खोलीच्या उघड्या दारातून आजोबा इकडेच बघत होते. तिथूनच म्हणाले, "अगं, माझेही गरम आहेत बरं का."

"उद्या, बाबा."

"उद्या तर उद्या. तोवर तू आईकडे नीट बघ. असं हसताना तिला फार कमी वेळा पाहिलंय मी."