अण्णासाहेबांचा पांढरा ब्रेड

मी समता. गुडगावजवळ मानेसरच्या ब्रेड फॅक्टरीत लॅब सांभाळायचे. तोंडाची फटकळ, मालकालाही सोडायचे नाही. पण पोटॅशियम ब्रोमेटपुढे मात्र माझी बोलती बंद व्हायची. पांढरी पावडर, मैद्याच्या अख्ख्या पोत्याला चमचाभरसुद्धा नाही. कणीक मळताना ती गप्प पडून असते. भट्टीची धग लागली की मैद्यातल्या प्रथिनांच्या दोऱ्यांना एकमेकींत गाठी मारत सुटते. आतला वायू कोंडला जातो आणि ब्रेड टम्म फुगतो. काचेतून ते वर चढणं बघताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. खरंच सांगते, देवघरात उभं राहावं तशी मी उभी राहायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुडगावात रोज एक नवी इमारत उठत होती आणि प्रत्येकीच्या कॅन्टीनला सँडविच हवं होतं. अशात एका ब्रिटिश कंपनीची ऑर्डर आली. अट एकच, ब्रेडमध्ये ब्रोमेट नको. त्यांच्याकडे नव्वद सालीच त्यावर बंदी आली होती, मग कॅनडातही.

"आपल्याकडे तर चालतं ना?" आमचे मालक करकरेसाहेब म्हणाले.

"चालतं, ठरलेल्या प्रमाणात. पण जपानमध्ये उंदरांना पाण्यातून दिलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. माणसाला होतात असं सिद्ध झालेलं नाही. होत नाहीत असंही नाही. शंका आहे, म्हणून त्यांनी काढून टाकलं."

"अहो, आपण काय उंदीर आहोत?" साहेब हसले. भट्टीवरचा आमचा उस्ताद बबनही हसला. "ताई, भट्टी सगळं खाऊन टाकते."

बबनचं खोटं नव्हतं. ब्रेड नीट भाजला तर ब्रोमेटचं ब्रोमाइड होतं आणि ते तसं त्रासाचं नाही. साहेबांनी तेच धरलं. "बाहेरच्या लॅबमधून तपासून घ्या. ब्रेडमध्ये काही उरत नसेल, तर ब्रोमेट नाही असं लिहून सही करा. ऑर्डर गेली तर तुमची लॅबही गेली, समजलं?"

 वापरायचं आणि वापरत नाही म्हणून सही करायची? वर नोकरीची धमकी! पण घरी दोन पोरं होती, म्हणून जीभ चावली आणि नमुने काढायला गेले.

भट्टीपाशी बबन एक ब्रेड इतरांच्या आधी बाहेर काढत होता. अंगावर रंगच चढला नव्हता त्याच्या, कापसासारखा मऊ आणि फिकट. हा रोजचाच प्रकार. साहेबांचे वडील, अण्णासाहेब, ऐंशी पार केलेले, तोंडात एकही दात नाही. त्यांना चहात बुडवायला असाच ब्रेड लागायचा. साहेब रोज संध्याकाळी तो स्वतः दिल्लीत, करोल बागेतल्या घरी न्यायचे. बापाची एवढी सेवा करणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

मी त्याचीही एक चकती कापून पिशवीत टाकली. नमुने घ्यायचे तर सगळ्या भाजणीचे, एवढाच विचार होता.

रिपोर्ट घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर त्या दिवसाचा घरी न्यायचा ब्रेड बांधून ठेवला होता.

"विकतो त्या ब्रेडमध्ये यंत्राला काही सापडलं नाही," मी म्हटलं.

"बघा! उगाच घाबरवत होतात. करा सही."

"एका नमुन्यात सापडलंय. चांगलंच. भट्टीनं खायच्या आधीच तो बाहेर काढला होता."

"कुठला नमुना?"

  मी टेबलावरच्या पुडक्याकडे बोट केलं.

साहेबांनी दोरा सोडला. ब्रेड बाहेर आला, पांढराशुभ्र, वर सुंदर घुमट. त्यांनी तो हलकेच दाबला आणि सोडला. दाबलेली जागा हळूहळू जशीच्या तशी वर आली. आम्ही दोघंही बघतच राहिलो. अशा वेळीसुद्धा मला तो देखणाच वाटला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"काय होईल त्यांना?"

"माहीत नाही, साहेब. कदाचित काहीच नाही. कुणालाच माहीत नाही."

"पण मी रोज..."  मग त्यांनी बबनला हाक मारली. "पावडर बंद. आजपासून. कणीक जास्त वेळ भिजू दे, व्हिटॅमिन सी घाल, काय लागेल ते कर. बुटका झाला तरी चालेल."

"साहेब, मार्केट घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही." त्यांनी मग घरी फोन लावला. पलीकडून अण्णासाहेबांनीच उचलला असावा. साहेबांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "अण्णा, आज ब्रेड नाही आणत. हो, हो, विसरलो नाही. उद्या आणतो, पण जरा कडक असेल. चहात जास्त वेळ धरा."