चाळीस फोटो आणि एक कोरं पान

निवृत्त प्राचार्यांना सहलीच्या पुस्तकात चाळीसही फोटो दोन-दोन पानं भरून हवे होते, आणि प्रत्येकात तेच छाती फुगवून उभे. मांडणी करणाऱ्या बाईंनी तसा नमुना छापला. पहिल्याच जोडपानावर साहेबांचं नाक मधल्या घडीत गडप झालं. पाचव्यापर्यंत त्यांच्या बायकोला जांभई आली.

मग बाईंनी सहलीच्या उरलेल्या फोटोंतून स्वतःचा क्रम लावून दाखवला: दरीचा एक मोठा फोटो, पुढे बाजाराचे तीन छोटे, नंतर डावं पान कोरं आणि उजवीकडे बॅगेवर दमून बसलेली बायको, तळहाताएवढी.

"कोरं पान? कागद वाया!" साहेब कडाडले.

"आणि चाळीस वेळा तुम्हालाच बघायचं, ते काय?" बायको म्हणाली. "बाई, हेच छापा."

साहेबांनी तोंड वाकडं करून होकारार्थी मान हलवली.