चारशे दहाचा जांभळा

कल्याणी पोंक्षेच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं ओव्याने जाणारं नव्हतं.

बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर रंगरावांचं शालेय पुस्तकांचं प्रकाशन होतं. तिथे ती चौदा वर्षं चित्रं काढत होती. जास्वंदीचा उभा छेद, हृदयाचे चार कप्पे, अमिबा. हजारो पोरांनी तिचा अमिबा वहीत गिरवला असेल, पण तो काढला कोणी हे एकाही पोराला ठाऊक नव्हतं. चित्रकाराचं नाव छापायची तिथे पद्धतच नव्हती. "नाव वाचून मार्क मिळतात का?" असं रंगराव विचारत आणि वर चहा मागवत.

या वर्षी मात्र बारावीच्या पदार्थविज्ञानाचं पुस्तक टॅबवर निघणार होतं, आणि लेखिका नीरजा मॅडमनी हट्टच धरला की चित्रं करणाऱ्यांची नावं आलीच पाहिजेत. चौदा वर्षांनी दार उघडलं, आणि आत कोण शिरलं? एजाज बागवान. कात्रजहून येणारा, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला, नोकरीला लागून आठ महिने झालेला एजाज. पुस्तकातले आलेख, किरणाकृती आणि सगळ्यांत देखणं चित्र म्हणजे प्रकाशाचा वर्णपट, हे सगळं तो प्रोग्राम लिहून काढणार होता. कल्याणीकडे उरलं फक्त शेवटचं बघणं. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठलंही रंगीत पान पुढे जायचं नाही, असा तिथला रिवाज होता. रंग बरोबर असले की ती कोपऱ्यात पेन्सिलीने 'क' लिही. त्या 'क'ला चौदा वर्षांत कोणी आव्हान दिलं नव्हतं.

ती एजाजला पाण्यात पाहायला लागली. त्याचं हसणं तिला खोटं वाटे, डबा उघडून आधी तिच्यापुढे सरकवणं लाडीगोडीचं वाटे. आणि डब्यातला खिमा-मटार चांगला असे, याचा तर तिला विशेष राग येई.

एके दुपारी तो म्हणाला, "कल्याणीताई, बघा ना, झाला एकदाचा."

पडद्यावर लांबट पट्टी होती. खाली आकडे, डावीकडे ३८० तर उजवीकडे ७८०. त्याने समजावून सांगितलं. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये द्यायची आणि बदल्यात तीन आकडे घ्यायचे, लाल, हिरवा, निळा, प्रत्येक शून्य ते दोनशे पंचावन्न. पडद्याकडे तेवढेच तीन दिवे. चारशे चाळीसला नुसता निळा. तिथून हिरवा चढतो, चारशे नव्वदला निळ्याच्या बरोबरीला येतो. पाचशे दहाला निळा संपतो आणि लाल चढू लागतो. पाचशे ऐंशीला लाल-हिरवा दोन्ही पूर्ण, म्हणजे पिवळा. मग हिरवा उतरतो आणि सहाशे पंचेचाळीसच्या पुढे एकटा लाल. दोन्ही टोकांना डोळ्याला कमी दिसतं, म्हणून तिथे उजेड मंद केलेला.

"हे अंदाजेच हं," तो म्हणाला. "खरा वर्णपट कुठल्याच पडद्याला दाखवता येत नाही."

कल्याणीचं लक्ष डाव्या टोकाकडे गेलं आणि तिथेच खिळलं. टोकाला जांभळा नव्हताच. निळा होता, मग गडद निळा, मग काळपट निळा.

"चारशे चाळीसच्या अलीकडे काय केलंस?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथे मूळ सूत्रात थोडा लाल मिसळायला सांगितला होता. मी ती ओळ काढून टाकली. चारशे दहाच्या प्रकाशात लाल येणारच कुठून, ताई? लाल तर त्या टोकाला. चुकून राहिली असणार."

शिकलेल्या माणसाची चूक होती ती. न शिकलेल्याला असली चूक करायला जमलीच नसती. रंगाच्या डबीत बोट घातलेल्या कुठल्याही पोराला विचारा, निळ्यात लाल टाकल्याशिवाय जांभळा होत नाही. कल्याणीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण तेवढ्यात रंगराव मागून जाता जाता म्हणाले, "वा, बागवान! याला म्हणतात काम. नाहीतर आमचं ब्रशने रंगवणं."

तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. पुस्तकात येऊ दे, म्हणाली मनात. नाव त्याचं, फजिती त्याची. आणि पानाच्या कागदी प्रतीवर, कोपऱ्यात नीट, ठळक 'क' लिहिला. वारज्याच्या बसमध्ये त्या दिवशी तिला खिडकी मिळाली, आणि किती दिवसांनी ती खूश होती.

पुढच्या आठवड्यात पुस्तकाची कच्ची प्रत सगळ्यांच्या टॅबवर आली. कल्याणीने सगळी पानं पाहिली, नावांचं सोडून. एजाजचं नाव बघायला कशाला जायचं?

शनिवारी नीरजा मॅडम आल्या. खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी टॅब टेबलावर ठेवला. वर्णपटाखाली हायड्रोजनच्या चार रेषा होत्या, सहाशे छपन्न, चारशे शहाऐंशी, चारशे चौतीस, चारशे दहा.

"मी मजकुरात लिहिलंय, चारशे दहाची रेषा जांभळी. चित्रात ती निळी आहे. पोरांनी कोणावर विश्वास ठेवायचा?"

एजाजने आपली ओळ आणि तिच्यामागचा विचार सांगितला. मॅडमनी ऐकून घेतलं.

"प्रकाशात लाल नाही, बरोबर. पण त्या प्रकाशाला आपला डोळा लालसर झाक देतो. पडद्याकडे जांभळा दिवा नाही, म्हणून निळ्यात लाल मिसळून डोळ्याला फसवायचं. तुम्ही प्रकाशाचा विचार केलात, बघणाऱ्याचा नाही." मग त्यांनी पान उलटलं. "तुमचं एक वेळ समजू शकते. पण इथे लिहिलंय ते काय?"

त्यांनी वाचलं. "वर्णपट, एजाज बागवान. रंगपारख, कल्याणी पोंक्षे."

कल्याणीने चमकून मान वर केली.

"मीच घातलं, मॅडम," एजाज म्हणाला. "ताईंच्या 'क'शिवाय इथे पान हलत नाही. मला त्यांच्याएवढं दिसत नाही."

"मग यांना का नाही दिसलं?"

रंगरावही वळून बघायला लागले. सुटका सोपी होती. नजरचूक झाली, म्हणायचं. चौदा वर्षांत एक नजरचूक कोणीही पोटात घातली असती. पण कल्याणीजवळ नजरेवाचून दुसरं होतं काय? ती आंधळी ठरली तर मग तिचं त्या खोलीत काही उरत नव्हतं.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मी बोलले नाही."



"छान," रंगराव म्हणाले. "म्हणजे डोळे शाबूत आहेत. आनंद आहे."

एजाज संगणकापाशी बसला आणि काढलेली ओळ परत लिहू लागला. मध्येच त्याने मान न वळवता विचारलं, "चारशे दहाला लाल किती लागेल, ताई?"

"सव्वाशे," ती म्हणाली. "निळा दोनशेच्या थोडा वर."

त्याने कळ दाबली. पट्टीच्या टोकाला जांभळा उगवला. चारशे दहाखाली आकडे आले, लाल १२६, हिरवा ०, निळा २१९. एजाजने आता मात्र वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग शोधूनही सापडत नव्हता.

"नावाचं काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"काढ," कल्याणी एजाजला म्हणाली.

त्याने रंगरावांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. कोणीच नको म्हणालं नाही. त्याने ती ओळ पुसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा पुस्तकात आलेलं आपलं नाव तिने पाहिलं ते एवढंच, पुसलं जाताना.

"पुढच्या पुस्तकात घालू, ताई," तो हळूच म्हणाला.

तो मनापासून म्हणत होता. तिने त्याच्या हुशारीचा हेवा केला होता, चित्राचा केला होता, नावाचा केला होता. आता त्याच्या या चांगुलपणाचाही हेवा वाटला, आणि तो तिला सगळ्यांत जास्त झोंबला.