रुमालाखालचा भाव

सहादेव दलालानं जन्मभर रुमालाखाली भाव केला. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, की सौदा झाला. विकणाऱ्याची बोटं वेगळी, घेणाऱ्याची वेगळी आणि मधला फरक दलालाच्या खिशात. असा माणूस मोटारीच्या दुकानदाराकडं लेखी भाव मागतो म्हटल्यावर मिरजगावच्या पारावर लोक हसले नसते तरच नवल.

त्याच्या बायकोला, रतनबाईला मात्र हसू येत नव्हतं. थोरल्या पोराला, गहिनीनाथला टॅक्सीचा परवाना मंजूर झाला होता, पण महिनाअखेर गाडी उभी करून दाखवली नाही तर तो रद्द होणार होता. बाहत्तर साल, पाऊस दुसऱ्यांदा दगा देऊन गेलेला. बाजारात जनावरं कवडीमोलानं जात होती. पोराचं पुढचं सगळं त्या गाडीवर होतं. कितीतरी वर्षं वाट बघून गाडीसाठी नंबर लागला होता, आणि नवऱ्याला आत्ताच हा कागदाचा नाद सुचला होता.

नगरच्या मोटारवाल्या शेठनं, राधाकृष्णशेठनं, एकच गोळाबेरीज आकडा सांगितला होता. "सगळं धरून. वर तुमच्यासाठी खास सूट." सहादेव घरी आला आणि जेवला नाही.

"रतने, तू लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

शाळा चौथीत सुटली असली तरी रतनबाईचं अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. तिनं लिहिलं: सरकारनं ठरवलेली किंमत किती, अबकारी किती, विक्रीकर किती, कारखान्यापासून नगरपर्यंतचं भाडं किती, नोंदणी, रस्त्याचा कर आणि विमा किती, आणि सूट कशावर व किती, ते कृपा करून वेगवेगळं लिहून कळवावं.

लिहून झाल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "अवं, तुमी तरी कधी सांगता व्हय कास्तकाराला, तुमची दलाली किती ते?"

सहादेव पाकिटाला डिंक लावत बसला.

उत्तर आलं नाही. शेवटी दोघं एसटीनं नगरला गेली. शेठच्या पेढीत नवीकोरी अँबॅसिडर उभी होती. शेठ हसतमुख, गादीवरून उठून सामोरा आला.

"अहो, तुमच्यासारख्या बाजारी माणसानं कागद मागावा? या, तुमच्याच रीतीनं करू." त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून पसरलं आणि खाली हात घातला.

रतनबाईचा जीव टांगणीला लागला. सहादेवचा हात पुढं झाला, उपरण्याला लागला आणि त्यानं ते घडी घालून शेठच्या खांद्यावर ठेवलं.

"शेठ, रुमालाखाली भाव झाकतो आमी, जनावर न्हाई. दात बगतो, चालवून बगतो, मग हात घालतो. हितं भावाचेच दात बगायचेत."

शेठचं हसू मावळलं. "कागदच पाहिजे असेल तर नंबर पुढच्याला देतो. रांग फार मोठी आहे."

गहिनीनाथचा चेहरा रतनबाईच्या डोळ्यांपुढं आला. नवऱ्याचा सदरा धरून ओढावा असं तिला झालं.

"द्या की," सहादेव शांतपणे म्हणाला. "फकस्त तेवढं लिहून द्या. भावाचा कागद मागितला म्हनून नंबर काढला, आसं. सही करा, शिक्का मारा. सरकारदरबारी दावायला लागंल."

टंकलेखन यंत्रापाशी बसलेला कारकून शामकांत आ वासून बघत राहिला. शेठनं पानाचा डबा उघडला, मिटला. मग म्हणाला, "शामकांत, लिहा."

कागद आला. किंमत, अबकारी, विक्रीकर, भाडं, नोंदणी, कर, विमा, सगळं ओळीनं. खाली 'जादा सामान': रेडिओ, पंखा, गादीची कव्हरं, पायपुसणी. खास सूट होती ती त्या सामानावरच. रतनबाईनं वाचून दाखवलं.

"हे सामान घेतलंच पायजे का?" सहादेवनं विचारलं.

"तसं... ऐच्छिक आहे," शामकांत हळूच म्हणाला.

"मग सामानबी नको आन सूटबी नको."

सूट सोडूनही गाडी बरीच स्वस्त पडली. बाहेर आल्यावर रतनबाईनं भर रस्त्यात नवऱ्याकडं डोळे भरून पाहिलं. असा धनी मिळाला म्हणून तिला फार अभिमान वाटला, आणि तो तिनं बोलूनही दाखवला. सहादेव मात्र खिशातला कागद चाचपत चालत राहिला.

पुढच्या बाजाराला गहिनीनाथ दोघांना नव्या गाडीतूनच घेऊन गेला. एक म्हातारा कास्तकार, हाडं वर आलेला बैल धरून उभा होता. चारा नाही म्हणून विकायला काढलेला. रीतीप्रमाणे त्यानं उपरण्याखाली हात पुढं केला. सहादेवनं त्याचा हात धरला, थांबला आणि दुसऱ्या हातानं उपरणं ओढून काढलं.

"घेनारा एवढं देतोय, बाबा," त्यानं चारचौघांत आकडा सांगितला. "त्यातली माजी दलाली एवढी. पटतंय का बगा."

आजूबाजूच्या दलालांनी त्याला शिव्या घातल्या. एक जण तर अंगावर धावून आला. गाडीपाशी उभ्या रतनबाईला आपलाच दलालीचा प्रश्न आठवला. तिनं पदर खोचला आणि ती गर्दी सारत नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.