मध्यरेषेवरचा कॅमेरा

ऐरोलीतल्या एका लहानशा स्टुडिओत रुतिका एआय वापरून व्हिडिओ बनवायची. गावच्या कबड्डी स्पर्धेसाठी मंडळाने तिच्याकडे सुरुवातीची छोटी क्लिप मागितली होती. रविवारी दुपारी ती घरीच लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने एआयला द्यायची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहिला: मातीचं मैदान, चढाई, घट्ट झटापट, उडणारी धूळ, पेटलेली गर्दी, जमिनीलगतचा कॅमेरा.

आलेल्या क्लिपमध्ये नऊ जण एकमेकांत विरघळले होते. एका पाठीतून दोन हात निघाले होते, आणि कुणाचा पाय कुणाचा ते कळत नव्हतं.

मागे तिचे बाबा, चांगदेव, उभे होते. तरुणपणी ते गावच्या संघातून चढाईला जायचे.

"यो कुनी कुनाला धरलाय?" त्यांनी विचारलं.

"तेच मशीनला कळत नाही, बाबा. मी नुसतं 'झटापट' लिहिलं."

"मंग सांग ना त्याला. पयला एकच जन धरतो. कोपऱ्यातला. घोटा."

ते डोळे मिटून बोलत राहिले आणि रुतिका लिहीत गेली. लाल बनियनमधला एकच चढाईपटू, मध्यरेषेकडे झेपावलेला. निळ्यातल्या एकाने दोन्ही हातांनी त्याचा डावा घोटा पकडलेला, दुसऱ्याची कंबरेला मिठी. बाकीचे मागे, धुळीत पुसट. कॅमेरा मध्यरेषेवर मातीला टेकलेला, हलत नाही. गर्दी दूर, अस्पष्ट, हात वर. फक्त पाच सेकंद.

तिसऱ्या खेपेला क्लिप जमली. पडद्यावर तांबूस धूळ सावकाश उठली. तिच्यातून एक चेहरा जमिनीलगत पुढे आला, ओठ हलत होते, आणि पसरलेली बोटं रेषेपलीकडे टेकली. खोलीतला पंखाही जणू हळू फिरू लागला.

चांगदेव खाली फरशीवर बसले. नंतर हलकेच आडवे झाले, गाल फरशीला लावून.

"बाबा?"

"असाच दिसायचा. खालना. मान्सा ढगात असल्यासारखी. आवाज पन लांबना यायचा, पान्याखाली असल्यावानी." त्यांनी हात पुढे लांबवला. "फायनलला माझा हात यवढा कमी परला." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "दम सुटला."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. त्या सामन्याचा एक फोटोही नव्हता.

रुतिकाने विचारलं, "तुमचा चेहरा लावू याला? किंवा हात रेषेआधी थांबवू, तुमच्यासारखा?"

चांगदेव बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. पडद्यावरचा मुलगा पुन्हा पुन्हा रेषेला शिवत होता.

"नको," ते म्हणाले. "पोचलाय तर पोचू दे त्याला."

रुतिका लॅपटॉप घेऊन खुर्चीवरून खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली. गार फरशीवर गाल टेकवून दोघं ती क्लिप बघत राहिली.